बैलगाडा शर्यतीचे दोन निकाल : भेद कोठे व कशामुळे

जुन्नर व आंबेगाव तालुक्यांत यात्रांचा हंगाम सुरू झाला म्हणजे घाट झाडले जातात, बैलांच्या खुराकाची चर्चा होते, आणि त्याबरोबर एक प्रश्न शाळेच्या ओसरीपर्यंत येतो. गावातील लिहितावाचता माणूस म्हणून तो शिक्षकासच विचारला जातो. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली शर्यत बंद केली आणि त्याच न्यायालयाने २०२३ साली ती चालू ठेवली. तेव्हा यातील एक निकाल चुकीचा असला पाहिजे, की न्यायालयच मत बदलते? चावडीवर याचे उत्तर बहुधा ‘वशिला’ किंवा ‘वरून दडपण’ अशा शब्दांत दिले जाते. ते उत्तर आळसाचे आहे. दोन्ही निकाल शेजारी ठेवून वाचले असता असे दिसते की, त्यांतील बराचसा भेद न्यायाधीशांच्या मतांचा नसून त्यांच्यापुढे आलेल्या कागदांचा आहे. मतांचा खरा भेद थोड्याच ठिकाणी आहे. तो कोठे आहे, हे हुडकण्याची रीत प्रस्तुत लेखात दाखवावयाची आहे.

प्रथम कायद्याचा मुद्दा नीट ध्यानात घ्यावा. प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणारा केंद्रीय कायदा १९६० सालचा आहे. त्याच्या कलम ११ अन्वये प्राण्यास अनावश्यक वेदना देणे हा गुन्हा होय. ‘अनावश्यक’ हा शब्द येथे महत्त्वाचा आहे. नांगरटीचे श्रम वा औषधोपचाराची टोचणी यांना तो लागत नाही. कलम २२ मध्ये दुसरी तरतूद आहे : केंद्र शासन ज्या प्राण्यांची नावे अधिसूचनेने जाहीर करील, त्यांना खेळासाठी शिकविता येणार नाही व त्यांचे खेळ दाखविता येणार नाहीत. अस्वल, माकड, वाघ इत्यादींच्या या यादीत ११ जुलै २०११ रोजी बैलाचे नाव घालण्यात आले. शर्यतबंदीचे मूळ या एका शब्दाच्या भरतीत आहे. मुंबई उच्च न्यायालयाने २०१२ साली ही अधिसूचना वैध ठरविली, आणि प्रकरण वर गेले.

७ मे २०१४ रोजी न्यायमूर्ती के. एस. राधाकृष्णन व न्यायमूर्ती पिनाकी चंद्र घोष यांच्या पीठाने निकाल दिला. भारतीय प्राणी कल्याण मंडळ विरुद्ध ए. नागराज या नावाने तो ओळखला जातो. मुख्य विषय तामिळनाडूतील जल्लिकट्टू हा असला तरी महाराष्ट्रातील बैलगाडा शर्यतीही त्यात होत्या. न्यायालयापुढे मंडळाच्या निरीक्षकांचे अहवाल होते. शेपटी पिरगाळणे व चावणे, टोकदार वस्तूने टोचणे, काठीने मारणे असे प्रकार त्यांत नोंदविलेले होते. त्यावरून न्यायालयाने असा निष्कर्ष काढला की, बैल हा ओझे ओढणारा प्राणी असून त्याच्या शरीराची ठेवण शर्यतीच्या धावेसाठी नाही. तो धावतो तो भीतीने व वेदनेने. करमणुकीसाठी दिलेली अशी वेदना कलम ११ च्या अर्थाने अनावश्यक होय.

तामिळनाडूने २००९ साली स्वतःचा नियमन कायदा केलेला होता. परंतु तो केंद्रीय कायद्याशी विसंगत ठरून रद्द झाला. महाराष्ट्रापाशी तर असा कायदाच नव्हता. हे वाक्य वाचकांनी पेन्सिलीने अधोरेखित करावे, कारण पुढील सर्व उलगडा त्यावर अवलंबून आहे.

त्यानंतर केंद्र शासनाने जानेवारी २०१६ मध्ये नवी अधिसूचना काढून बैलांना काही अटींवर सूट देऊन पाहिली. सर्वोच्च न्यायालयाने काही दिवसांतच तिला स्थगिती दिली. तेव्हा राज्यांनी दुसरी वाट धरली. २०१७ साली तामिळनाडू, महाराष्ट्र व कर्नाटक यांनी केंद्रीय कायद्यातच आपापल्या राज्यापुरती सुधारणा केली व तीस राष्ट्रपतींची संमती मिळविली.

या संमतीचे महत्त्व काय, हे विशद करणे जरूर आहे. प्राण्यांवरील क्रूरतेचा प्रतिबंध हा विषय संविधानाच्या समवर्ती सूचीत, म्हणजे केंद्र व राज्य या दोहोंच्या सामाईक यादीत, सतराव्या क्रमांकावर आहे. सामाईक विषयात दोन कायदे परस्परविरुद्ध झाले तर सामान्यतः केंद्राचा टिकतो, असे अनुच्छेद २५४ सांगतो. परंतु त्याच अनुच्छेदाच्या दुसऱ्या खंडात अपवाद आहे : राज्याचा कायदा राष्ट्रपतींच्या विचारार्थ राखून ठेवून त्यास संमती मिळाली असल्यास, त्या राज्यापुरता तोच चालतो. २०१४ साली न्यायालयापुढे हा दुसरा खंड लागू पडेल असा कायदा नव्हता; २०२३ साली होता.

महाराष्ट्राच्या सुधारणेत शर्यतीची व्याख्या केली आहे, ती आपल्या भागाच्या दृष्टीने मुद्दाम पाहण्यासारखी आहे. बैलगाडा शर्यत, छकडी व शंकरपट ही तिन्ही नावे तीत आहेत. गाडीला जुंपलेले असोत वा नसोत, गाडीवान असो वा नसो, परंपरेने जेथे शर्यत होते तेथे जिल्हाधिकाऱ्यांच्या पूर्वमान्यतेने ती घेता येते, असा तिचा आशय आहे. आपल्या घाटांवर गाड्यात माणूस नसतो. चार बैल जुंपलेले आणि पुढे घोडी, अशी धाव असते. ‘गाडीवान असो वा नसो’ हे शब्द नसते, तर थापलिंगच्या खंडोबापुढे पौष पौर्णिमेस पळणारे नवसाचे गाडे व्याख्येबाहेरच राहण्याची भीती होती.

१८ मे २०२३ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने या तिन्ही राज्यांच्या सुधारणा वैध ठरविल्या. निकालपत्र न्यायमूर्ती अनिरुद्ध बोस यांनी लिहिले. पीठाचे म्हणणे थोडक्यात असे : २०१४ साली जी क्रूरता आढळली, ती त्या वेळच्या पद्धतीची होती. सुधारित कायदा व त्याखालील नियम एकत्र वाचले असता वेदना देणाऱ्या प्रकारांना बऱ्याच अंशी आळा बसतो. म्हणून जुन्या निकालात दाखविलेले दोष दूर झाले आहेत.

आता एकच गाडा डोळ्यांपुढे घेऊन तो दोन्ही निकालांखाली पळवून पाहू. २०१३ सालच्या यात्रेत एका घाटावर चार बैल पळाले, असे समजा. मालकाने त्यांना काठीही लावली नाही. तरी २०१४ च्या निकालाप्रमाणे ही शर्यत बेकायदा ठरते. बैलाचे नाव कलम २२ च्या यादीत आहे, आणि त्यास सूट देणारा वैध कायदा राज्यात नाही. मालकाच्या दयाळूपणाने हे बदलत नाही. तोच घाट, तेच बैल २०२३ नंतर घ्या. जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी आहे, पशुवैद्याने बैल तपासले आहेत, धाव एक हजार मीटरच्या मर्यादेत आहे (आपल्याकडील घाट त्याहून पुष्कळच आखूड असतात), आणि कोणापाशी काठी, चाबूक वा टोचणी नाही. ही शर्यत कायदेशीर होय. आता यातील एकच गोष्ट बदला : सुटण्याच्या क्षणी एखाद्याने शेपटीला दात लावला. लागलीच कायद्याचे संरक्षण संपते. अटी मोडणाऱ्यास पाच लाख रुपयांपर्यंत दंड वा तीन वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो. म्हणजे २०१४ च्या न्यायालयाने जी शर्यत पाहून ती निषिद्ध मानली, तिला २०२३ च्या न्यायालयानेही परवानगी दिलेली नाही. गावात मात्र ‘कोर्टाने शर्यत मोकळी केली’ एवढेच पोहोचले आहे. परवानगीचा अर्ज लिहून देण्याची विनंती ज्यांच्याकडे येते, त्या शिक्षकांनी अर्जदारास अटी वाचून दाखविणे बरे.

येथवरचा भेद तथ्यांचा झाला. पण सर्व भेद तथ्यांचाच आहे, असे म्हणणे भाबडेपणाचे होईल. त्याची कसोटी २०१७ च्या मुंबई उच्च न्यायालयाने जणू आपणहून पुरविली आहे. राज्याची सुधारणा अमलात आल्यावर ते प्रकरण तेथे गेले. ऑगस्टमध्ये न्यायालयाने, नियम तयार नसल्यामुळे, परवानग्या देण्यास मनाई केली. ऑक्टोबरमध्ये मनाई चालू ठेवताना मात्र कारण वेगळे होते : नियम कितीही केले तरी बैलाची शरीररचना बदलत नाही; तो घोडा नव्हे. कायदा तोच, प्राणी तोच, आणि उत्तर २०२३ च्या विरुद्ध! याला मतभेद म्हणावे. उच्च न्यायालयाच्या दृष्टीने क्रूरता धावण्यातच आहे, घटनापीठाच्या दृष्टीने ती धावविण्याच्या पद्धतीत आहे. पद्धतीतील क्रूरता नियमांनी काढता येते, धावण्यातील येत नाही. (डिसेंबर २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही मनाई स्थगित केली. इतर राज्यांत अशाच सुधारित कायद्याखाली शर्यती चालू असता महाराष्ट्रातच त्या बंद का, असा तो विचार होता.)

दुसरा खरा मतभेद संस्कृतीविषयीचा आहे. २०१४ च्या पीठाने जल्लिकट्टू हा सांस्कृतिक वारशाचा भाग नाही, असे स्वतः ठरविले होते. २०२३ च्या पीठाने ते मान्य केले नाही. असा निर्णय देण्याइतकी सामग्री तेव्हा न्यायालयापुढे नव्हती, आणि तो शोध न्यायालयाच्या आवाक्यातला नव्हे. विधिमंडळाने एखादी प्रथा परंपरेचा भाग मानली असेल तर ते मत आपण मोडणार नाही, अशी त्याची भूमिका आहे. येथे कोणतेही नवे तथ्य आलेले नाही. बदलले ते एवढेच, की प्रश्न कोणी सोडवावयाचा. प्राण्यांच्या हक्कांबाबतही तसेच. जुन्या निकालाने जीविताच्या हक्काचा अर्थ प्राण्यांपर्यंत ताणला होता. प्राण्यांना मूलभूत हक्क देणारा पूर्वनिर्णय नाही, असे घटनापीठाने म्हटले.

माझ्या मते २०२३ च्या निकालातील नाजूक जागा तिसरीच आहे. २०१४ च्या न्यायालयाने शर्यती प्रत्यक्ष कशा होतात याचे अहवाल वाचून निर्णय दिला. घटनापीठाने मुख्यतः नियमांत काय लिहिले आहे यावर भिस्त ठेवली. सुधारणेनंतरही क्रूरता चालू असल्याची छायाचित्रे व अहवाल अर्जदारांनी दाखल केले होते; परंतु कायदा मोडला जातो म्हणून कायदाच अवैध होत नाही, असा पीठाचा विचार दिसतो. तो तर्क बरोबर आहे. मात्र त्याने सर्व भार अंमलबजावणीवर येऊन पडतो. म्हणूनच पीठाने निकालाच्या अखेरीस कायद्याचे व नियमांचे काटेकोर पालन होते की नाही, याची जबाबदारी जिल्हादंडाधिकारी व सक्षम अधिकारी यांच्यावर नाव घेऊन टाकली आहे. घाटावर पशुवैद्य हजर नसेल, किंवा तपासणीचा दाखला बैल न पाहताच सही होऊन येत असेल, तर तेथे पळणारा गाडा २०२३ च्या निकालाच्या आश्रयाखाली पळत नाही.