हिरव्या खुणेच्या आत काय असतं?

स्टीमच्या दुकानात गेमचं पान उघडलं की उजव्या बाजूला किमतीच्या खालच्या भागात एक छोटी चौकट दिसते. तिच्यात हिरवी बरोबरची खूण असते, पिवळं वर्तुळ असतं किंवा राखाडी रंगाची मनाईची खूण असते. स्टीम डेक नावाच्या हातातल्या गेमिंग पीसीवर तो गेम कसा चालेल, याचा हा निकाल आहे. विकत घेणारे बहुतेक जण हिरवा रंग पाहतात आणि पैसे भरतात. त्या चौकटीतच ‘अधिक माहिती’ची जागा असते. मी म्हणेन, पैसे भरण्याआधी तिथे बोट लावा, कारण खरा निकाल तिथे लिहिलेला असतो.

स्टीम डेक व्हॉल्व्ह कंपनीने फेब्रुवारी 2022 मध्ये बाजारात आणला. तो दिसतो गेम कन्सोलसारखा, पण आत पूर्ण संगणक आहे, आणि त्यावर विंडोज नाही. स्टीमओएस ही लिनक्सवर उभी असलेली प्रणाली त्यावर चालते. बहुतेक पीसी गेम मात्र विंडोजसाठीच लिहिलेले असतात. मग मध्ये प्रोटॉन नावाचा दुभाषी बसतो: गेम विंडोजच्या भाषेत काही मागतो, प्रोटॉन ते लिनक्सला समजेल असं करून देतो. हे काम तो थक्क करणाऱ्या सफाईने करतो. तरीही प्रत्येक गेमशी त्याचं जमेलच असं नाही. म्हणून व्हॉल्व्हची माणसं एकेक गेम डेकवर चालवून पाहतात आणि मगच खूण देतात.

ही तपासणी चार गोष्टींची असते. सगळी बटणं, काठ्या नीट चालतात का आणि पडद्यावर त्याच बटणांची चित्रं दिसतात का? अक्षरं वाचता येतात का आणि चित्र पडद्याच्या मापात बसतं का? गेम सुरू होताना मध्येच माऊस मागणारी खिडकी येते का? आणि शेवटची गोष्ट म्हणजे गेम प्रोटॉनवर चालतो का. चारही जमलं तर हिरवी खूण, म्हणजे ‘व्हेरिफाइड’. चालतो, पण खेळणाऱ्याला थोडी खटपट करावी लागते, तर पिवळी, म्हणजे ‘प्लेएबल’. अजून तपासलाच नसेल तर प्रश्नचिन्ह, आणि त्याचा अर्थ ‘चालत नाही’ असा होत नाही.

अक्षरांचा निकष मला फार मोलाचा वाटतो, कारण तो कोणाच्या लक्षात येत नाही. नियम असा की 1280 बाय 800च्या पडद्यावर सर्वांत लहान अक्षराची उंची 9 पिक्सेलपेक्षा कमी नसावी. पहिल्या डेकच्या सात इंची पडद्यावर 9 पिक्सेल म्हणजे जेमतेम एक मिलिमीटर! चाळिशीचा चष्मा लागलेल्या माणसाला हिरवी खूण असलेला गेमही संध्याकाळभर वाचणं जड जाऊ शकतं. पिवळ्या खुणेखाली ‘काही अक्षरं लहान आहेत’ अशी ओळ असेल, तर कथाप्रधान, संवादांनी भरलेला गेम घेण्यापूर्वी ती दोनदा वाचावी. उलट ‘कीबोर्ड स्वतः उघडावा लागेल’ एवढीच तक्रार असेल, तर काळजीचं कारण नाही. डेकवर STEAM आणि X ही बटणं एकत्र दाबली की कीबोर्ड येतो, नाव टाइप केलं की काम संपलं. दोन्ही गेमांना पिवळीच खूण, पण त्रास किती वेगळा!

आता हिरव्या खुणेची मर्यादा कुठे आहे, ते बाल्डर्स गेट 3 या गेमवरून नीट कळतं. 2023 साली पूर्ण रूपात आलेल्या या गेमला डेकवर व्हेरिफाइडची खूण मिळाली, आणि पहिले दोन अंक तो खरोखर चांगला चालत होता. तिसऱ्या अंकात खेळणारा बाल्डर्स गेट शहरात शिरतो. गल्ल्या माणसांनी गजबजलेल्या, प्रत्येकाच्या हालचालीचा हिशोब प्रोसेसरला करावा लागतो. तिथे सेकंदाला 30 चित्रांचा वेग टिकेना, तो विशीत उतरायचा आणि चालता चालता झटके बसायचे. चित्राचा दर्जा कमी करून फारसा फरक पडत नव्हता, कारण ताण ग्राफिक्सवर नव्हता, प्रोसेसरवर होता. सप्टेंबर 2025 मध्ये लॅरियन या निर्मात्या कंपनीने खास डेकसाठी गेमची लिनक्सवर थेट चालणारी आवृत्ती काढली. मधला दुभाषी गेला, प्रोसेसरवरचा आणि मेमरीवरचा भार हलका झाला.

दुसरी मर्यादा काळाची. जीटीए 5चा ऑनलाइन भाग डेकवर खेळता येत होता. सप्टेंबर 2024 मध्ये रॉकस्टारने फसवणूक रोखण्यासाठी त्यात बॅटलआय ही पहारा देणारी प्रणाली बसवली आणि डेकवाल्यांना ऑनलाइनचा दरवाजा बंद झाला. बॅटलआय प्रोटॉनवर चालू शकते, पण त्यासाठी गेमच्या कंपनीने तशी परवानगी द्यावी लागते, आणि ती दिली गेली नाही. एकट्याने खेळायची कथा तशीच चालत राहिली. महिनाभराने एपेक्स लेजंड्सने लिनक्सवरच्या खेळाडूंना वगळलं. आज चालणारा ऑनलाइन गेम उद्या चालेल, याची हमी व्हॉल्व्हही देऊ शकत नाही. एकट्याने खेळायच्या गेमांना हा धोका जवळजवळ नाही.

म्हणून हिरव्या खुणेनंतर एक पायरी आणखी चढावी. protondb.com वर गेमचं नाव टाकलं की खेळणाऱ्यांनी स्वतः लिहिलेले अनुभव मिळतात. तिथल्या प्लॅटिनम-गोल्डच्या पदकापेक्षा गेल्या दोन-तीन महिन्यांतल्या, डेकवरच्या नोंदी वाचा. गेमच्या शेवटच्या भागाबद्दल कोणी काय म्हणतंय, ते मुद्दाम शोधा. आधीपासून स्टीमवर गेम विकत घेतलेले असतील आणि डेक घ्यायचा विचार असेल, तर store.steampowered.com/steamdeck/mygames या पानावर तुमच्या संग्रहातले किती गेम कुठल्या खुणेचे आहेत, हे यंत्र घेण्याआधीच दिसतं.

आपल्याकडे आणखी एक पेच आहे. व्हॉल्व्ह भारतात डेक अधिकृतपणे विकत नाही, तो बाहेरून आणलेला मिळतो आणि वॉरंटीचा भरवसा नसतो. दुकानात रीतसर मिळतात ती असूसची आरओजी अ‍ॅलाय किंवा लेनोव्होची लीजन गो यांसारखी विंडोजवाली यंत्रं. त्यांना डेकची हिरवी खूण जशीच्या तशी लावू नका. तिथे प्रोटॉन नाही, त्यामुळे बॅटलआयचा अडसरही नाही. पण पडदा वेगळा, प्रोसेसर वेगळा, बॅटरीचं गणित वेगळं. खुणेतला अक्षरांचा आणि बटणांचा तपशील मात्र तिथेही उपयोगी पडतो.

एवढं करूनही शंका उरली, तर स्टीमचा परतीचा नियम लक्षात ठेवा: खरेदीपासून 14 दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळलेला असेल तर पैसे परत मिळतात. ते दोन तास कथेत रमण्यात घालवू नका. आधी सेटिंग उघडा, डेकवर तीन ठिपक्यांचं बटण दाबून वेग दाखवणारा आकडा चालू करा, सर्वांत लहान अक्षर शोधून वाचून पाहा आणि जमेल तेवढ्या लवकर गर्दीच्या किंवा मोठ्या लढाईच्या जागी जा. आकडा तिथे 30 च्या खाली राहिला, तर त्याच दिवशी गेम परत करा.