चिनी बोलणारा स्पीकर आणि केशरी दिव्याचं कोडं

काल रात्रीपर्यंत इंग्रजीत बोलणारा स्पीकर सकाळी सुरू करताच चिनीत बोलू लागला, तर घरात पहिला संशय बिघाडाचा येतो. दुसरा येतो तो कुणी काहीतरी हॅक केल्याचा. खरं कारण बहुतेकदा साधं असतं: आवाज कमी-जास्त करणारी दोन्ही बटणं कुणीतरी एकदम दाबून धरलेली असतात. स्पीकर उचलताना तळवा त्यावर पडतो किंवा घरातलं एखादं कार्टं त्याच्याशी खेळत बसलेलं असतं.

बोस कंपनीचा साउंडलिंक रिव्हॉल्व्ह हा 2017 साली आलेला, उभ्या डब्यासारखा ब्लूटूथ स्पीकर घ्या. यावर + आणि − ही बटणं एकाच वेळी दाबून धरली, की तो भाषा निवडण्याच्या यादीत शिरतो. याला पडदा नाही, त्यामुळे ही यादी कानांनीच वाचायची. + किंवा − एकेकदा दाबत गेलं, की इंग्रजी, स्पॅनिश, फ्रेंच, जर्मन, चिनी, जपानी अशा भाषा एकामागून एक ऐकू येतात. हवी ती भाषा कानावर आली, की तीन ठिपक्यांचं बटण दाबून धरायचं. लोक चुकतात ते इथे. इंग्रजी ऐकू आलं, की काम झालं असं समजून ते स्पीकर बाजूला ठेवतात आणि निवड पक्की करायचीच राहून जाते. दुसरी चूक घाईची. बटण भराभर दाबलं तर हवी ती भाषा पुढे निघून जाते. मग − दाबून मागे यायचं.

निवड पक्की झाली की नाही, हे पाहायला स्पीकर एकदा बंद करून पुन्हा सुरू करावा. सुरू होताना तो बॅटरी किती टक्के आहे ते सांगतो आणि फोन जोडला गेला, की ‘कनेक्टेड टु’ म्हणून त्या फोनचं नाव घेतो. ही दोन वाक्यं समजली, की काम फत्ते.

आवाज कळेनासा झाला, की भिस्त दिव्यांवर. रिव्हॉल्व्हवर ब्लूटूथचा दिवा निळा लुकलुकत असेल, तर स्पीकर नव्या फोनची वाट पाहतो आहे. पांढरा लुकलुकत असेल, तर जोडणी चालू आहे आणि पांढरा स्थिर झाला, की फोन जोडला गेला. बॅटरीचा दिवा वेगळा. लुकलुकणारा केशरी म्हणजे चार्जिंग चालू, स्थिर केशरी म्हणजे बॅटरी मध्यम, हिरवा म्हणजे पूर्ण भरलेली, लुकलुकणारा लाल म्हणजे आता चार्जर शोधा. स्थिर लाल मात्र वेगळंच सांगतो: चार्जिंगमध्येच काहीतरी गडबड आहे. तेव्हा रात्रभर प्लग लावून ठेवण्यात अर्थ नाही. आधी केबल आणि अडॅप्टर बदलून पाहावेत, तरीही लालच राहिला तर सर्व्हिस सेंटर गाठावं. थोडक्यात, नुसता रंग पाहून भागत नाही, दिवा स्थिर आहे की लुकलुकतो हेही पाहावं लागतं. लाल-हिरवा फरक ज्यांना नीट दिसत नाही, त्यांना तर लुकलुकण्याचा आणि बॅटरीचे टक्के सांगणाऱ्या आवाजाचाच आधार.

हीच समज घेऊन दुसऱ्या कंपनीचा स्पीकर हाताळला, की घोटाळा होतो. सोनीच्या एसआरएस-एक्सबी मालिकेतल्या अनेक स्पीकरांवर स्थिर निळा दिवा म्हणजे फोन जोडलेला. तिथे पांढऱ्याची वाट पाहणारा माणूस उगाच पुन्हा पुन्हा जोडणी करत बसतो. त्यातल्या एक्सबी12 वर चार्जिंग चालू असताना केशरी दिवा जळतो आणि बॅटरी भरली, की चक्क विझतो. बोसला सरावलेल्याला वाटतं, वीज गेली. कंपन्यांनी यात एकवाक्यता ठेवलेली नाही, हे ग्राहकाच्या दृष्टीने त्रासदायकच आहे. म्हणून खोक्यातल्या पुस्तिकेतलं दिव्यांचं पान फेकून देण्याआधी फोनवर त्याचा फोटो काढून ठेवलेला बरा.

आता प्रश्न मराठीचा. रिव्हॉल्व्हच्या यादीत मराठी नाही, हिंदीही नाही. त्याची वाक्यं स्पीकरच्या आतल्या मेमरीत आधीच भरलेली असतात, म्हणून जी भाषा आत नाही ती कुठलंही बटण दाबून मिळत नाही. फोनची भाषा मराठी केली तरी स्पीकरचं बोलणं बदलत नाही, कारण ते फोनच्या भाषेवर अवलंबून नसतं. दुसरीकडे, भाजीवाल्याच्या गाडीवर पैसे आल्याचं ओरडून सांगणारा पेटीएमचा साउंडबॉक्स मराठीत बोलू शकतो आणि त्याची भाषा दुकानदाराला पेटीएमच्या व्यापाऱ्यांसाठीच्या अ‍ॅपमधून बदलता येते. तिथे गिऱ्हाईक कोण आणि कुठलं, हे बनवणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर पहिल्यापासून होतं.