भाड्याचा आकडा आणि हातात उरणारा आकडा

पुण्यात गुंतवणुकीसाठी फ्लॅट बघायला गेलं की एजंट हमखास सांगतो, "साहेब, ऐंशी लाखांचा फ्लॅट आहे, चोवीस हजार भाडं कुठेच गेलं नाही." वर्षाचं भाडं झालं २ लाख ८८ हजार. त्याला ८० लाखांनी भागलं की ३.६ टक्के येतात. हा ढोबळ परतावा, म्हणजे ग्रॉस यील्ड. दोन फ्लॅटची चटकन तुलना करायला तो बरा, पण त्यावर पैसे गुंतवू नयेत.

आधी किंमत घ्या. फ्लॅट ८० लाखांचा असला तरी ७ टक्के मुद्रांक शुल्काचे ५ लाख ६० हजार आणि नोंदणीचे ३० हजार जातात. रंगकाम, पंखे, कपाटं, किचन ट्रॉली यांना दोन लाख दहा हजार धरले, तर आपले ८८ लाख अडकतात.

आता भाड्यातून काय वजा होतं ते पाहू. भाडेकरू साधारण दोन वर्षांनी बदलतो आणि मधे महिनाभर फ्लॅट रिकामा राहतो असं समजू, म्हणजे वर्षाला १२ हजार बुडाले. नवा भाडेकरू आणणाऱ्या एजंटला महिन्याचं भाडं द्यायचं, तेही वर्षाला १२ हजार. सोसायटीचा मेंटेनन्स ३६ हजार. शिवाय घर भाड्याने दिलं म्हणून सोसायटी बिनभोगवटा शुल्क लावते. महाराष्ट्रात ते सेवा शुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही. आपण ३ हजार धरू. मालमत्ता कराचे १८ हजार, दुरुस्ती आणि रंगासाठी बाजूला काढायचे २० हजार, लिव्ह अँड लायसन्स कराराची नोंदणी ३ हजार. एकूण १ लाख ४ हजार गेले आणि १ लाख ८४ हजार उरले. ८८ लाखांवर हा निव्वळ परतावा जेमतेम २.१ टक्के पडतो. आयकर आणि कर्जाचा हप्ता अजून यात आलेलाच नाही.

यातला मालमत्ता कर नीट बघावा. पुण्यात स्वतः राहणाऱ्या मालकाला करात सवलत मिळते आणि घर भाड्याने दिलं की ती जाते. विकणारा स्वतः तिथे राहत असेल तर त्याने दाखवलेली पावती सवलतीची असते, तुम्हाला येणारं बिल त्याहून मोठं असतं.

कॅप रेट याच उरलेल्या उत्पन्नावर काढतात, फक्त भागतात ते मालमत्तेच्या आजच्या बाजारभावाने. १ लाख ८४ हजार भागिले ८० लाख, म्हणजे २.३ टक्के. तुम्ही कर्ज काढलंत की रोख दिलेत, याचा त्यात संबंध येत नाही. मालमत्ता स्वतः काय कमावते एवढंच तो सांगतो, म्हणून दोन मालमत्ता शेजारी ठेवता येतात.

त्याचा खरा उपयोग उलट्या हिशेबात आहे. समजा, एका दुकानाच्या गाळ्याला महिना ४० हजार भाडं येतं. वर्षाचे ४ लाख ८० हजार. ६० हजार खर्च वजा करून ४ लाख २० हजार उरतात. त्याच रस्त्यावर नुकत्याच विकल्या गेलेल्या भाड्याच्या गाळ्यांचा निव्वळ हिशेब ७ टक्क्यांच्या आसपास बसत असेल, तर ४ लाख २० हजारांना ०.०७ ने भागायचं: किंमत ६० लाख. हाच दर ६ टक्के धरला तर ती ७० लाख होते. एका टक्क्यात दहा लाखांचा फरक, म्हणून दर अंदाजाने धरणं धोक्याचं. तो प्रत्यक्ष झालेल्या व्यवहारांतूनच काढायला हवा.

मला सगळ्यात घातक वाटणारी गफलत इथेच होते. विकणारा दर ७ टक्क्यांचाच सांगतो, पण भागतो मात्र खर्च न वजा केलेलं ४ लाख ८० हजार भाडं. उत्तर येतं साडेअडुसष्ट लाखांच्या वर. दर निव्वळ उत्पन्नाचा आणि भाडं ढोबळ, अशी सरमिसळ झाली की घेणारा साडेआठ लाख जास्त मोजतो. दुसरा धोका भाड्यातच असतो. एखाद्या भाडेकरूने जुन्या करारात बाजारापेक्षा जास्त भाडं कबूल केलेलं असतं आणि लॉक-इन चार महिन्यांत संपणार असतो. त्यानंतर तो ३० हजारांवर अडून बसला आणि खर्च तेवढाच राहिला, तर ३ लाख उरतात आणि ७ टक्क्यांनी गाळ्याची किंमत ४३ लाखांच्या खाली येते. त्यामुळे करारनामा, शेजारच्या गाळ्यांची भाडी, मालकाच्या बँक खात्यात प्रत्यक्ष जमा झालेलं भाडं आणि सोसायटीचं बिल हे चारही कागद बघितल्याशिवाय आकडा मांडू नये.

फ्लॅटला मात्र ही पद्धत तशीच लावता येत नाही. आपल्या उदाहरणातल्या फ्लॅटला ७ टक्के लावले तर किंमत सव्वीस लाख येते आणि त्या भावात कोणी विकणार नाही. कारण फ्लॅटचा भाव स्वतः राहायला येणारी कुटुंबं ठरवतात आणि पुढे भाव वाढेल ही आशा त्यात मिसळलेली असते. २.३ टक्के आणि तुमची अपेक्षा यांच्यातली तफावत म्हणजे त्या भाववाढीवर तुम्ही लावलेली रक्कम. पुढच्या दहा वर्षांत भाव वर्षाला किती टक्के वाढायला हवेत, हे त्या तफावतीवरून काढता येतं.