स्थानकापासून हिरेबाजारापर्यंत : शेवटच्या तीन किलोमीटरांचा हिशेब

मुंबईचा हिरेबाजार २०१० साली ऑपेरा हाउसच्या पंचरत्न आणि प्रसाद चेंबर्समधून वांद्रे-कुर्ला संकुलातील भारत डायमंड बोर्समध्ये गेला. सुमारे अडीच हजार कार्यालयांची प्रशस्त वास्तू व्यापाऱ्यांना लाभली. मागे राहिले ते स्थानकाचे शेजार. चर्नी रोडला उतरून पाच-दहा मिनिटांत गादीवर पोहोचणाऱ्या दलालाला आता पश्चिम रेल्वेने वांद्रे किंवा मध्य रेल्वेने कुर्ला गाठावे लागते, आणि तिथून पुढचे सुमारे तीन किलोमीटर स्वतःच्या युक्तीने कापावे लागतात. ऑक्टोबर २०२४ मध्ये भूमिगत मेट्रोचे स्थानक संकुलातच उघडल्याने काहींची सोय झाली. तथापि मुलुंड, डोंबिवली किंवा चेंबूरहून येणाऱ्याचा रस्ता अजूनही कुर्ल्यातूनच जातो. सकाळी दहाच्या सुमारास कुर्ला पश्चिमेबाहेर शेअर रिक्षासाठी लागणारी रांग ज्याने पाहिली आहे, त्याला अधिक सांगणे नको.

या अंतरासाठी गेल्या काही वर्षांत एक नवे साधन रूढ झाले आहे. भाड्याची छोटी विजेवर चालणारी दुचाकी स्थानकाजवळ घ्यायची, आणि मुक्कामाजवळ ठेवून निघून जायचे. युलूसारख्या कंपन्यांची एकाच आसनाची निळसर वाहने संकुलात सर्रास दिसतात. घरातील तरुण मंडळी ती सहज वापरतात. वडीलधारी मंडळी मात्र एकदा अनुभव घेतात, बिलाचा आकडा पाहून चकित होतात आणि पुन्हा रिक्षाच्या रांगेत उभी राहतात. बहुतेक वेळा दोष दराचा नसतो. प्रवास सुरू कसा होतो हे सर्वांना कळते. तो संपतो कधी, हे नेमके कळलेले नसते.

मुलुंडहून येणारा, दलालीत नुकताच पडलेला एक तरुण कल्पनेत घेऊ. त्याने आदल्या रात्री घरीच मोबाइलवर कंपनीचे ॲप घेऊन नाव नोंदवले, मागितल्यास परत मिळणारी अनामत भरली आणि खात्यात थोडी रक्कम ठेवली. हे काम कुर्ल्याच्या पुलाखाली, घाम पुसत, मागून धक्के खात करण्याचे नव्हे. त्यानंतर त्याने ॲपमधील नकाशा उघडला. तेथे दोन गोष्टी पाहायच्या असतात, आणि नवखा माणूस एकच पाहतो. स्थानकाजवळ वाहन आहे की नाही, हे सगळेच पाहतात. परंतु बोर्सच्या दाराजवळ वाहन ठेवण्याचे ठरलेले क्षेत्र कोठे आहे, हे आधी पाहणे अधिक महत्त्वाचे, कारण वाहन वाटेल तेथे सोडता येत नाही. नकाशावर ठरावीक जागांना खुणा असतात. त्यांच्या हद्दीबाहेर काही ठिकाणी प्रवास बंदच होत नाही, तर काही ठिकाणी होतो पण दंड लागतो. बोर्सच्या आवारात असे क्षेत्र असेलच, हे गृहीत धरू नये. सुरक्षा कडक असलेल्या वास्तूच्या फाटकाशी वाहन घेऊन वाद घालण्यापेक्षा बाहेरच्या रस्त्यावरील क्षेत्र हेरून ठेवावे आणि शेवटची दोन-तीनशे पावले चालावीत.

सकाळी वाहनाजवळ गेल्यावर कुलूप उघडण्याची घाई करू नये. भाड्याचे घड्याळ त्या क्षणापासून चालू होते. आधी दोन्ही ब्रेक दाबून पाहावेत, टायर अंगठ्याने चाचपावा, हँडल सरळ आहे का आणि आसनाची पकड घट्ट आहे का ते पाहावे. हे वाहन दिवसाकाठी अनेक अनोळखी हातांतून जाते. आदल्या स्वाराने ते कोठे आपटले, हे ते सांगत नाही. बॅटरी किती उरली आहे, हे ॲप टक्क्यांत किंवा किलोमीटरमध्ये दाखवते. तीन किलोमीटरांसाठी किमान सहा-सात किलोमीटरांचा साठा असलेले वाहन निवडावे. शेवटच्या थेंबावर चालणारे वाहन पुलाच्या चढावर मरगळते.

कुलूप उघडण्यासाठी हँडलजवळ किंवा कुलपावर चिकटवलेला क्यूआर कोड वाचायचा असतो. तो कंपनीच्या ॲपमधूनच वाचावा. पैसे देण्याच्या ॲपने कधीही नाही. पैसे कापण्याची आज्ञा कंपनी आपल्या नोंदीतून करते, चिकटलेल्या कागदातून नव्हे. मूळ कोडवर दुसरा कागद चिकटवलेला दिसला तर ते वाहन सोडून द्यावे. कोड वाचल्यावर मोबाइल कंपनीच्या संगणकाला वाहनाचा क्रमांक कळवतो आणि तेथून कुलपाला उघडण्याची आज्ञा येते. ही आज्ञा वाहनातील सिमकार्डवरून येते किंवा मोबाइलच्या ब्लूटूथवरून. म्हणून इंटरनेट, ब्लूटूथ आणि स्थाननिश्चिती ही तिन्ही चालू ठेवावीत. गर्दीच्या वेळी स्थानकाबाहेर नेटवर्क मंदावते. उत्तर यायला दहा-पंधरा सेकंद लागू शकतात. तेवढ्यात पुन्हापुन्हा कोड वाचण्याने गोंधळच वाढतो. टिक आवाज होऊन चाक मोकळे झाले की काम झाले. ॲपने प्रवास सुरू झाल्याचे सांगितले आणि चाक मात्र हललेच नाही, तर तिथल्या तिथे प्रवास बंद करावा, कुलपाचे छायाचित्र काढावे आणि ॲपमधील तक्रारीत ते जोडावे. संध्याकाळी घरी गेल्यावर केलेल्या तक्रारीला पुरावा उरत नाही.

या लहान वाहनांना परवाना व नोंदणी लागत नाही, हे खरे आहे. त्यामागचे कारणही जाणून घ्यावे. केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार ज्या विजेच्या दुचाकीची मोटार २५० वॅटपेक्षा कमी शक्तीची आणि वेग ताशी २५ किलोमीटरच्या आतला असतो, ती ठरावीक अटींवर मोटार वाहनच मानली जात नाही. भाड्याची स्कूटर याहून वेगवान असेल, तिला नंबरप्लेट असेल, तर परवाना आणि हेल्मेट दोन्ही आवश्यक. कायदा सूट देतो, पण खड्डा देत नाही. लहान वाहनावरही हेल्मेट घातलेले बरे. आसन एकच आहे, तेव्हा भागीदाराला मागे उभे करून नेणे योग्य नाही. वांद्र्याकडून येणाऱ्याने कलानगरचे उड्डाणपूल टाळून खालच्या रस्त्याने यावे. समुद्री सेतूच्या वेगाने आलेल्या मोटारींसमोर ताशी २५ किलोमीटर म्हणजे जवळपास उभे राहणेच. आणि आपल्या धंद्याची एक गोष्ट : समोर टोपली असली तरी मालाची बॅग तीत ठेवू नये. पुडी अंगाशी, आतल्या खिशातच असावी.

आता मुख्य भाग : वाहन ठेवणे. आपला तरुण क्षेत्रात पोहोचला, वाहन स्टँडवर लावले, आणि ॲप म्हणते, ‘तुम्ही क्षेत्राबाहेर आहात.’ डोळ्यांसमोर फलक दिसतो आहे, तरी मोबाइल ऐकत नाही. याचे कारण काचेच्या उंच इमारती. उपग्रहांकडून येणारा संकेत भिंतींवर आपटून उशिरा पोहोचतो, आणि मोबाइलला आपण प्रत्यक्षाहून वीस-तीस मीटर दूर आहोत असे वाटू शकते. नकाशावरचा निळा ठिपका रस्त्यापलीकडे उडी मारताना दिसला, की हाच प्रकार समजावा. अशा वेळी वैतागून निघून जाऊ नये. वाहन क्षेत्राच्या मध्याकडे, आकाश जास्तीत जास्त मोकळे असेल तेथे न्यावे, अर्धा-एक मिनिट थांबावे आणि मग पुन्हा प्रयत्न करावा. तळघरातील पार्किंगमध्ये तर उपग्रहाचा संकेत पोहोचतच नाही. तेथे वाहन नेणे म्हणजे प्रवास बंद करण्याचा मार्ग स्वतःच बुजवणे.

वाहन रांगेत, सरळ, पदपथाचा चालण्याचा भाग आणि अंध व्यक्तींसाठीच्या उंचवट्याच्या पिवळ्या फरश्या मोकळ्या सोडून ठेवावे. साध्या सायकलीचे कुलूप असेल तर त्याचा खटका हाताने ओढून आऱ्यांमधून पार करावा लागतो; विजेच्या वाहनात आज्ञा मिळताच मोटार बंद होते. ॲप छायाचित्र मागत असल्यास फलक किंवा ओळखीची खूण त्यात येईल असे काढावे. मग ‘प्रवास संपवा’ हे बटण दाबावे. त्याच्या शेजारी बहुधा ‘थांबवा’ हेही बटण असते, आणि खरी चूक येथेच होते. थांबवलेले वाहन आपल्याच नावावर कुलूपबंद राहते आणि भाडे, कधी कमी दराने, चालूच राहते. चहाला दहा मिनिटे थांबायचे असेल तर ते ठीक. कार्यालयात जाताना नव्हे. प्रवास संपल्याची खूण एकच : पडद्यावर एकूण मिनिटे आणि एकूण रक्कम दाखवणारे बिल. ते दिसेपर्यंत वाहनापासून हलू नये.

हिशेब मांडून पाहू. दर शहर, वेळ आणि योजनेप्रमाणे बदलतात. येथे केवळ उदाहरणासाठी कुलूप उघडण्याचे ५ रुपये आणि मिनिटाला २ रुपये धरू. सिग्नल धरून तीन किलोमीटरांना १५ मिनिटे लागली, तर ५ अधिक ३० म्हणजे ३५ रुपये, कर वेगळा. फेब्रुवारी २०२५ पासूनच्या दराने मुंबईत रिक्षाला पहिल्या दीड किलोमीटरचे २६ रुपये आणि पुढे किलोमीटरला १७ रुपये १४ पैसे पडतात. म्हणजे तीन किलोमीटरांचे सुमारे ५२ रुपये, एकट्याने घेतल्यास. येथवर वाहन फायद्याचे. परंतु सकाळी १०:२० ला पोहोचून त्याने बिल न पाहता पाठ फिरवली आणि दुपारी एक वाजता संदेश पाहिला, तर मधल्या १६० मिनिटांचे आणखी ३२० रुपये. रोज जाणाऱ्याने मिनिटांचा पास घ्यावा की नाही, हे महिन्यात खरोखर किती फेऱ्या होतात ते मोजूनच ठरवावे. जुलैच्या धुवाधार पावसात या वाहनाचा मोह धरू नये; म्हणून पावसाळ्याचे पासही छोट्या मुदतीचेच बरे.

परतीचे गणित वेगळे असते. संध्याकाळी सहानंतर सगळा बाजार एकदम सुटतो, वाहने झपाट्याने उचलली जातात, आणि उरलेल्यांपैकी काहींची बॅटरी दिवसभराच्या फेऱ्यांनी उतरलेली असते. काही ॲपमध्ये वाहन काही मिनिटे राखून ठेवता येते. ती सोय कार्यालयातून उठण्यापूर्वी नव्हे, लिफ्टमधून बाहेर पडल्यावर वापरावी, कारण राखलेली मिनिटे बोर्सच्या लांबलचक आवारातच संपतात. कुर्ल्याकडील क्षेत्र स्थानकाच्या जिन्यापासून नेमके किती दूर आहे, हे सकाळीच पाहून ठेवलेले असेल, तर ७:०५ ची जलद गाडी धरताना धावपळ होत नाही.