लाल बॅगेचे पाच रंग

धारावीतल्या एका कारागिराने फोटोसाठी माझ्याकडे एकच बॅग पाठवली होती. लाल चामड्याची, पितळी बक्कल असलेली. कॅटलॉगमध्ये मात्र ती लाल, मोहरी, बाटलीहिरवी, काळी आणि मोतिया अशा पाच रंगांत दिसायला हवी होती. बाकीच्या चार रंगांच्या बॅगा अजून शिवून व्हायच्या होत्या; त्यांच्या चामड्याचे वीतभर तुकडे तेवढे सोबत होते. मी कॉम्प्युटरवर रंग बदलून संध्याकाळी फोटो पाठवले. दुसऱ्या दिवशी सकाळीच त्यांचा फोन आला. "ताई, हिरवी चालेल. पण मोहरी बॅगेवर शेवाळ चढल्यासारखं दिसतंय. आणि काळी तर चामड्याची वाटतच नाही, कापडाची वाटते."

दोन्ही चुका त्यांनी अचूक पकडल्या होत्या. त्या दोन वेगवेगळ्या कारणांनी झाल्या होत्या, आणि ती कारणं कळली की या कामातलं निम्मं कोडं सुटतं.

आधी मोहरी. फोटोशॉपमध्ये `Hue/Saturation` ची पट्टी सरकवली किंवा वर पिवळा थर ठेवून त्याला `Color` केलं, की रंगाची जात बदलते, पण त्याचा उजळपणा बराचसा जुन्या रंगाचाच राहतो. घोटाळा इथेच होतो. पांढऱ्या कागदावरून परत येणारा उजेड 100 धरला, तर माझ्या फोटोतलं लाल चामडं त्यातला साधारण 14 परत देत होतं. मोहरी चामड्याचा तुकडा त्याच दिव्याखाली 38 देत होता. म्हणजे मोहरी रंग लालपेक्षा अडीच पटींहून जास्त उजळ. पिवळ्याचं वैशिष्ट्य असं, की तो अंधारला की पिवळा राहत नाही. मेंदीकडे किंवा तपकिरीकडे झुकतो. लालच्या उजळपणात बसवलेला मोहरी रंग शेवाळी दिसणारच. हिरवी बॅग निभावली, कारण बाटलीहिरवा आणि हा लाल यांचा उजळपणा त्यामानाने जवळचा आहे.

म्हणजे मोहरी बॅग उजळ करायला हवी. पण सरसकट उजळ केली तर घड्यांमधल्या सावल्या फिकट होतात आणि काठावरची चमक पांढरीफटक पडून तिचा आकार जातो. इथे काळ्या बॅगेचा प्रश्नही येऊन मिळतो.

चामड्यावर पडलेला उजेड दोन वाटांनी परत फिरतो. काही उजेड वरच्या गुळगुळीत थरावरूनच, आरशावरून फिरावा तसा, माघारी येतो. तो चामड्याच्या आत शिरलेलाच नसतो, म्हणून त्याला चामड्याचा रंग लागत नाही. दिवा पांढरा असेल तर ही चमक पांढरीच असते. उरलेला उजेड आत शिरतो, रंगद्रव्यांमधून वळणं घेत फिरतो, हिरवा-निळा भाग तिथेच मुरतो आणि लाल तेवढा बाहेर पडून चहूकडे पसरतो. स्टीव्हन शेफर या अमेरिकी संशोधकाने 1985 मध्ये हे दोन भाग रंगाच्या आधारे वेगळे काढण्याची रीत मांडली. प्लॅस्टिक, ऑइलपेंट, लाखेचं लाकूड, चिनी माती या सगळ्यांना ती बऱ्यापैकी लागू पडते.

हे आकड्यांत पाहू. माझ्या बॅगेचा एक ठिपका घ्या, जिथे पुरेसा उजेड आहे पण चमक नाही. तिथे लाल 45, हिरवा 6 आणि निळा 5 असा हिशेब निघाला. आता शेजारची घडी, जिथे निम्माच उजेड पोचतो. तिथे तिन्ही आकडे निम्मे होतात: साडेबावीस, तीन, अडीच. प्रमाण तेच राहिलं. सावली म्हणजे फक्त गुणाकार. आता चमकणारा ठिपका. तिथे लाल 55, हिरवा 16, निळा 15. इथे प्रमाण बदललं, कारण तिन्ही रंगांत सारखेच 10 मिळवले गेले आहेत. चमक म्हणजे बेरीज.

रंग बदलताना गुणाकाराचा भाग नव्या रंगाने भरायचा आणि बेरजेचा भाग जसाच्या तसा परत ठेवायचा. मोहरीचे आकडे 60, 35, 5 आहेत. घडीत ते 30, साडेसतरा, अडीच होतील. चमकीच्या जागी 70, 45, 15 होतील. सावली सावलीइतकीच गडद राहिली आणि चमक पांढरीच राहिली.

काळ्या बॅगेत मी नेमकं काय बिघडवलं होतं तेही आता दिसतं. काळं चामडं आतून जेमतेम 4 परत देतं. त्यावर चमकीचे 10 मिळाले की 14 होतात, म्हणजे चमक भोवतालच्या साडेतीन पट उजळ. काळ्या बुटाला पॉलिश केल्यावर जो झळाळ येतो, तो हाच. मोतिया चामडं 80 परत देतं. त्यावर तेच 10 चढले तर 90, म्हणजे आठव्या हिश्शाची वाढ, डोळ्याला जाणवेल न जाणवेल अशी. चकाकी दोन्हींवर सारखीच असते, पण काळ्यावर ती सगळं चित्र उभं करते आणि मोतियावर जवळपास लपून बसते. मी अख्खा फोटो गडद करून काळा केला होता, म्हणजे चमकही त्याच मापाने दाबली होती. चामड्याची ओळखच पुसली, मग कापड दिसणार नाही तर काय?

आता प्रश्न, चमक वेगळी काढायची कशी. यात बॅग लाल असल्याचा मोठा फायदा झाला. फोटोतल्या निळ्या चॅनेलमध्ये चामड्याचा स्वतःचा वाटा फार थोडा असतो, लाल चॅनेलमधल्याच्या नवव्या हिश्शाइतका (45 ला 5). म्हणून निळ्यातून लालचा नववा भाग वजा केला की चामड्याचा रंग पूर्ण कटतो आणि चमक तेवढी मागे उरते. वरच्या चमकीच्या ठिपक्यावर करून पाहा. 55 चा नववा भाग 6.1, 15 मधून गेला की उरले 8.9. वजा करताना चमकीचाही नववा भाग गेलेला असतो, म्हणून उत्तराला नऊ अष्टमांशाने गुणायचं. आले 10. हा उरलेला काळा-पांढरा फोटो म्हणजे नुसत्या चमकीची बॅग. काळोखात फक्त काठ, शिवणीचे उंचवटे आणि चामड्याचे बारीक दाणे चमकताना दिसतात. पहिल्यांदा तो पडद्यावर आला तेव्हा मी बराच वेळ बघत बसले होते.

ही चमक लाल चॅनेलमधून वजा केली की मागे उरते ती सावल्यांची बॅग, करड्या मातीतून घडवल्यासारखी. कुठल्याही गडद रंगाच्या वस्तूत तिचा रंग ज्या चॅनेलमध्ये सर्वांत उजळ, तोच चॅनेल सावल्यांसाठी घ्यावा. अंधाऱ्या चॅनेलमध्ये कण उठतात, आणि तो उजळ करताना ते पुरळासारखे वर येतात.

मग थर रचायचे. खाली सावल्यांचा थर, त्यावर नवा रंग `Multiply` करून, सर्वांत वर चमकीचा थर `Linear Dodge (Add)` करून. एक अडचण इथे बऱ्याच जणांना चकवते. पडद्यावरचा आकडा आणि खरा उजेड यांचं नातं सरळ नाही. 255 पैकी 128 म्हणजे निम्मा उजेड नव्हे, साधारण 22 टक्के. गुणाकाराला याचा फारसा त्रास होत नाही, पण बेरीज चुकते आणि चमक खडूसारखी कोरडी दिसते. म्हणून `Color Settings` मध्ये `Blend RGB Colors Using Gamma` हे 1.00 ठेवायचं आणि फाइल 16 बिटची घ्यायची. मूळ फोटो रॉ असावा, आणि एकाही चॅनेलमध्ये चमक 255 ला टेकून सपाट झालेली नसावी. टेकली, तर वजाबाकीला तिथे काही सापडतच नाही.

बॅग करडी किंवा पांढरी असती तर ही युक्ती चालली नसती, कारण तिन्ही चॅनेल सारखेच. तेव्हा दिव्यावर पोलरायझर फिल्म आणि लेन्सवर पोलरायझर लावून, ट्रायपॉड न हलवता दोन फोटो घ्यावे लागतात. फिल्टर एका कोनात फिरवला की चमक जवळपास नाहीशी होते, पाव फेरा फिरवला की परत येते. दोघांची वजाबाकी म्हणजे चमक. त्यात उजेड बराच खाल्ला जातो, म्हणून एक्स्पोजर लांबवावं लागतं.

पितळी बक्कल या सगळ्यातून आधीच कापून बाजूला ठेवायचं. धातूच्या आत उजेड शिरून पसरत नाही. त्याचा रंग चमकीतच असतो, पितळेची चमक पिवळी असते. वरचा सगळा हिशेब त्याच्यावर उलटा बसतो. पांढरा दोराही वेगळा. पण सगळ्यात जास्त राहून जातं ते टेबल. लाल बॅगेखालच्या पांढऱ्या कागदावर लाल उजेड सांडलेला असतो, सावलीच्या आतल्या कडेला गुलाबी छटा येते. बॅग हिरवी केली आणि ती गुलाबी छटा तशीच ठेवली, तर पाहणाऱ्याला नेमकं काय खटकतंय ते सांगता येत नाही, पण बॅग चिकटवल्यासारखी वाटते. मी आधी ती छटा पूर्ण काढते आणि नव्या रंगाची अगदी पातळ परत देते. मोतियाला तीही नको. काठावर एखाद-दोन पिक्सेलची लाल रेघ राहिली आहे का, तेही फोटो दुप्पट मोठा करून पाहते.

सुधारलेले फोटो घेऊन मी स्वतःच धारावीला गेले. कारागिरांनी प्रिंट खिडकीपाशी नेले आणि एकेका प्रिंटवर त्या त्या रंगाचा तुकडा ठेवून पाहिला. मोहरीला मान हलवली. काळीच्या काठावरून अंगठा फिरवला, जणू चामड्याचा कस बघत होते. मोतियाशी मात्र थांबले.

"रंग बरोबर आहे, ताई. पण हे चामडं वेगळं आहे. लालवर दाणा दाबून उठवलाय. मोतिया आम्ही ड्रममध्ये घुसळून मऊ केलेलं घेतो, त्याचा दाणा मोठा आणि सैल असतो. हात लावून बघा."

तुकडा माझ्या हातात होता, आणि फोटो काढताना मी त्याचा फक्त रंग मोजला होता. फोटोतले दाणे लाल चामड्याचे होते. सावलीच्या थरात तेच, चमकीच्या थरातही तेच. कितीही नीट वेगळे केले तरी त्यातून मोतिया चामड्याचा दाणा निघणार नव्हता. दोन सुतांनी विणलेल्या धूपछाव रेशमाचंही असंच होतं. घडी वळली की त्याचा मूळ रंगच बदलतो, आणि एका रंगाने गुणायची सोय राहत नाही.

कॅटलॉग छापायला दोन आठवडे होते. त्यांनी मोतिया बॅग आधी शिवायला घेतली, आणि तिचा फोटो मी वेगळा काढला.