पत्र्याच्या पोटातली न ताणणारी रेघ

नागपुरात मे महिना काढायचा तर कूलर हवाच. त्यातली मोटर धरून ठेवायला एल आकाराची एक साधी पट्टी घेऊ. पत्रा २ मिमी जाड, बाहेरून मोजल्यावर एक बाजू ५० मिमी, दुसरी ३०, मध्ये काटकोन. हिंगण्याच्या एमआयडीसीतल्या एखाद्या लेझरवाल्याकडे ती सपाट कापायला द्यायची, तर लांबी किती सांगायची?

८० सांगितली, तर बेंड झाल्यावर दोन्ही बाजू मिळून साडेतीन मिमी जास्त भरतात. आतल्या मापांची बेरीज केली, ४८ अधिक २८, तर ७६ येतात आणि पट्टी अर्धा मिमी कमी पडते. खरं उत्तर या दोहोंच्या मध्ये आहे, आणि ते शोधायला पत्र्याच्या जाडीत शिरावं लागतं.

पत्रा वाकताना बाहेरची बाजू ताणली जाते, आतली दबते. म्हणजे मध्ये कुठेतरी एक थर असा असणारच, जो ताणलाही जात नाही आणि दबतही नाही. त्याची लांबी सपाट असताना जितकी, तितकीच वाकल्यावरही. तो थर बरोबर मध्यावर असेल असं वाटतं. पण वाकताना तो आतल्या बाजूला सरकतो. आतल्या पृष्ठभागापासून जाडीच्या कितव्या हिश्शावर तो आहे, ते सांगणारा आकडा म्हणजे के-फॅक्टर. फ्यूजन सॉफ्टवेअरमध्ये सुरुवातीला ०.४४ भरलेला असतो, तोच धरू. आतली त्रिज्या २ मिमी असेल, तर काटकोनाच्या बेंडसाठी:

```
BA = (π/2) × (R + K×T)
   = 1.5708 × (2 + 0.44×2) = 4.52
```

हा बेंड अलाउन्स, म्हणजे वळणात खर्च झालेला पत्रा. प्रत्येक बाजूतून त्रिज्या अधिक जाडी, म्हणजे ४ मिमी, वजा केले की सरळ भाग ४६ आणि २६. एकूण ७६.५२. मॉडेल उलगडून फ्लॅट पॅटर्न काढला की सॉफ्टवेअर हेच करतं.

पण ०.४४ हा अंदाजच. आपल्या पत्र्याचा के काढायचा, तर १०० मिमीची पट्टी कापा, वाकवा आणि बाहेरच्या दोन्ही बाजू व्हर्नियरने मोजा. बेरीज १०३.५ आली, तर दोन्ही बाजूंच्या बाह्य कोपऱ्यापर्यंतच्या मापांतून, ४ अधिक ४ मधून, ३.५ वजा करा, अलाउन्स ४.५ उरतो आणि के ०.४३ च्या आसपास निघतो.

मात्र ही चाचणी ज्या डायवर केली, माल त्याच डायवर वाकला पाहिजे. एअर बेंडिंगमध्ये आतली त्रिज्या पंचापेक्षा खालच्या व्ही डायच्या तोंडावर ठरते; साध्या पोलादात साधारण तोंडाच्या सहाव्या हिश्शाइतकी. १२ च्या डायवर २ मिमी मिळते, १६ लावली की अडीचच्या पुढे जाते, आणि दर बेंडला सुमारे ०.३ मिमीचा फरक पडतो. एका पट्टीत तो कळतही नाही. चार बेंडच्या खोक्यात मात्र तो एक मिमीच्या वर जातो आणि झाकणाची भोकं जुळत नाहीत. म्हणून ड्रॉइंगवर के-फॅक्टरच्या शेजारी डायचं तोंडही लिहिलेलं बरं.