टेम्पुराचे फिके आवरण

भजी तळली गेली की नाही, हे आपण तिच्या रंगावरून ओळखतो. ती तांबूस दिसू लागली की झारा कढईत जातो. जपानी टेम्पुराला मात्र ही कसोटी लावता येत नाही. भाज्यांचे काप आणि कोळंबी पिठाच्या पातळ आवरणात बुडवून तेलात तळावयाची. आवरण कुरकुरीत व्हावयाचे, आतील कोळंबी पूर्ण शिजावयाची, आणि रंग मात्र फिकट दुधाळच राहावयाचा. रंगाची खूण अशी हातची गेल्यावर तळणाऱ्याने कशावर विसंबावे, हाच येथील मुख्य प्रश्न आहे.

पिठात घोळवून तळण्याची ही रीत पोर्तुगीजांबरोबर जपानात गेली, असे मानले जाते. पोर्तुगीज व्यापारी १५४३ साली त्या देशाच्या किनाऱ्याला लागले, आणि १५४९ साली गोव्याहून निघालेला फ्रान्सिस झेवियर तेथे पोहोचला. जपानी स्वयंपाक्यांनी या रीतीला पुढे निराळेच रूप दिले. पिठाच्या आवरणाला ते ‘कोरोमो’ म्हणतात; या शब्दाचा मूळ अर्थ वस्त्र असा आहे. वस्त्र जितके तलम, तितका टेम्पुरा चांगला.

हे वस्त्र जाड होते ते गव्हाच्या पिठातील प्रथिनांमुळे. पिठात पाणी घालून ते ढवळले की ही प्रथिने एकमेकांत गुंतून ग्लुटेन नावाचे लवचीक जाळे तयार होते. पोळीची कणीक ताणली जाते ती याच जाळ्यामुळे. परंतु पोळीला उपकारक असलेला हा गुण टेम्पुराला मारक ठरतो. जाळ्यात अडकलेले पाणी लवकर बाहेर पडत नाही, आणि आवरण ब्रेडसारखे चिवट होते. आपल्या बेसनात ग्लुटेन होत नाही. म्हणून भज्यांच्या पिठाला बर्फाची गरज आपल्याला कधी भासली नाही.

हे जाळे वाढू नये यासाठी तीन उपाय योजतात. पहिला उपाय कमी प्रथिनांच्या पिठाचा. जपानात याकरिता मुद्दाम मऊ गव्हाचे पीठ वापरतात. आपल्याकडील मैद्यात प्रथिने थोडी अधिक असतात. तेव्हा ८० ग्रॅम मैद्यात २० ग्रॅम मक्याचे पिष्ट (बाजारातील कॉर्नफ्लोअर) मिसळावे. मैद्यात शेकडा १० भाग प्रथिने धरली, तर या मिश्रणात ती शेकडा ८ भरतात. दुसरा उपाय बर्फासारख्या थंड पाण्याचा. थंडीत पिठाचे कण पाणी सावकाश शोषतात, आणि ग्लुटेनचे जाळेही हळू विणले जाते. १०० ग्रॅम पिठाला सुमारे १६० मिलिलिटर पाणी पुरते. पाण्यातील बर्फाचे तुकडे गाळून काढावेत आणि पिठाचे भांडे बर्फ घातलेल्या परातीत ठेवावे. पिठातच बर्फ राहिला तर तो वितळून पीठ पातळ करतो, आणि त्याचा एखादा तुकडा तापल्या तेलात पडला तर तेल उसळते.

तिसरा उपाय हाताला आवर घालण्याचा. पाण्यावर पीठ भुरभुरावे आणि दोन काड्यांनी दहा-बारा वेळाच हलवावे. गाठी राहिल्या व कडेला कोरडे पीठ दिसले, तरी तेथेच थांबावे. थंड पाणी जाळे विणण्याचा वेग मंद करते, पण ते विणणे थांबवीत नाही. म्हणून बर्फाच्या पाण्यातही पीठ घोटले तर ते बिघडतेच, आणि कालवून ठेवलेले पीठ पंधरा-वीस मिनिटांत घट्ट होऊ लागते. पीठ तळणीच्या अगदी आधी, आणि थोडे थोडे कालवावे.

आता रंगाकडे वळू. तळलेल्या पदार्थाचा तांबूसपणा मुख्यतः प्रथिने व शर्करा यांच्यातील एका अभिक्रियेमुळे येतो. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ मेयार यांनी तिचे वर्णन १९१२ साली केले. सुमारे १४० अंश सेल्सिअसच्या पुढे ही अभिक्रिया झपाट्याने होते. परंतु आवरणात पाणी आहे आणि त्याची वाफ होत आहे, तोवर त्याचे तपमान १०० अंशांच्या आसपासच राहते. तेव्हा फिका टेम्पुरा काढण्याची वेळ म्हणजे पाणी जवळजवळ संपलेले आहे, पण तांबूसपणाला अद्याप सुरुवात झालेली नाही, असा मधला अल्प काळ होय. सोडा घातल्यास हा काळ आणखी कमी होतो, कारण अल्कधर्मी मिश्रणात ही अभिक्रिया वेगाने होते. अंड्याचा बलक आवरण पिवळे करतो, आणि पूर्वी वापरलेले तेल आपला काळसरपणा त्याला देते. म्हणून येथे सोडा व बलक टाळावेत, आणि तेल ताजे व फिक्या रंगाचे घ्यावे.

तेलाचे तपमान पदार्थाप्रमाणे ठरते. रताळ्याचे किंवा भोपळ्याचे अर्ध्या सेंटिमीटर जाडीचे काप आतपर्यंत शिजण्यास तीन-चार मिनिटे लागतात. त्यांना १६० ते १७० अंश पुरेत. कोळंबी दीड-दोन मिनिटांत शिजते; आवरणाने तेवढ्या वेळात कोरडे व्हावे म्हणून तिला १८० अंश लागतात. तपमापक नसेल तर पिठाचा थेंब तेलात सोडावा. थेंब तळाला जाऊन सावकाश वर आला, तर तेल १६० अंशांच्या जवळ आहे. तो अर्ध्यावरून परतला तर १७०, किंचित बुडून लगेच उसळला तर १८० अंश समजावेत. न बुडता पृष्ठभागावरच फुटून पसरला, तर तेल फार तापले आहे.

एक उदाहरण घेऊ. कढईत एक लिटर, म्हणजे सुमारे ९०० ग्रॅम तेल १८० अंशांवर आहे. त्यात चार कोळंब्या सोडल्या, आणि प्रत्येकीतून ५ ग्रॅम पाणी वाफ होऊन गेले. एक ग्रॅम पाण्याची वाफ होण्यास सुमारे ५४० कॅलरी उष्णता लागते. २० ग्रॅमला १०,८०० लागतील. एक ग्रॅम तेल एका अंशाने थंड होताना सुमारे अर्धी कॅलरी देते. म्हणजे आपले सर्व तेल एका अंशामागे ४५० कॅलरी देईल. भागाकार केला तर २४ येतात. खालून आच नसेल, तर केवळ या वाफेपायी तेल १५६ अंशांवर येईल. चारऐवजी आठ कोळंब्या सोडल्या तर चूलही ही तूट वेळेत भरून काढू शकणार नाही. मग पाणी रेंगाळते आणि आवरण मऊ व तेलकट होते. म्हणून तेलाचा अर्ध्याहून अधिक पृष्ठभाग कधीही झाकू नये. घरी आधी भाज्या तळाव्यात. मग आच वाढवून कोळंबी घ्यावी.

कोळंबीचे कवच व दोरा काढून शेपूट तसेच ठेवतात. शेपटीचे टोक किंचित कापून आतील पाणी सुरीने निपटून काढावे, नाहीतर तेल उडते. पोटाच्या बाजूला चार-पाच उथळ चिरा देऊन ती हलकेच दाबली, म्हणजे तळताना आखडत नाही. नंतर फडक्याने टिपून, कोरड्या पिठाचा हलका हात लावून ती आवरणात बुडवावी. ओल्या अंगावर आवरण टिकत नाही.

तळण झाल्याची खूण आता कानाने व बुडबुड्यांनी कळते. आरंभी बुडबुडे मोठे आणि आवाज जाड असतो. पाणी सरत आले की बुडबुडे बारीक होतात, आवाज हलका होतो, आणि पदार्थ तेलावर तरंगू लागतो. याच क्षणी तो काढावा. आवरणातील पाणी सरले एवढेच या खुणेवरून कळते. म्हणून पहिली कोळंबी मधून कापून पाहावी. मांस सर्वत्र अपारदर्शक पांढरे दिसले तर वेळ बरोबर होती. मध्यभागी काचेसारखा भाग दिसला, तर पुढच्या खेपेस अर्धे मिनिट अधिक द्यावे. तळलेले तुकडे जाळीवर सुटे ठेवावेत. ताटात रचले तर आतली वाफ आवरणात शिरते, आणि बर्फाने व आचेने साधलेला कुरकुरीतपणा काही मिनिटांतच नाहीसा होतो.